वीरगळाची पाटी

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका लहानशा वस्तुसंग्रहालयात नोकरीची बरीच वर्षे काढलेल्या माणसास जर कोणी विचारले की, आयुष्यात सर्वांत अधिक विचार करून लिहिलेला मजकूर कोणता, तर त्याने एखाद्या संशोधनपर लेखाचे किंवा निदान वार्षिक अहवालाचे नाव घ्यावे, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असणार. परंतु मला प्रामाणिकपणे सांगावयाचे झाल्यास मी आमच्या शिल्पदालनातील एका वीरगळापुढे लावलेल्या तीन ओळींच्या पाटीचेच नाव घेईन. दालनाची नवी मांडणी ठरली, तेव्हा प्रत्येक वस्तूपुढील मजकूर तीन ओळींपलीकडे जाऊ नये, असा दंडक संग्रहालयाच्या समितीने घालून दिला. दंडकामागील कारण उघड होते. लोक थांबत नाहीत. शाळेची सहल आली की मुलांची रांग एका टोकाकडून आत येते आणि गुरुजींच्या 'पुढे चला, पुढे चला' या गजरात दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. कुटुंबे येतात ती बाजारहाट आटोपून एस. टी. सुटेपर्यंतचा वेळ काढण्यास येतात. आणि जो खरोखर जिज्ञासू म्हणून येतो, तोसुद्धा दालनात साठ-सत्तर वस्तू मांडलेल्या असता एकेकीपुढे किती काळ उभा राहणार? घड्याळ हाती घेऊन मी दालनाच्या कोपऱ्यात उभा राहत असे, तेव्हा बहुतेकांचा मुक्काम एका शिळेपुढे दहाबारा सेकंदांपलीकडे जात नाही, असे मला दिसून येई. आणि आमची जुनी पाटी उभ्याने वाचून पुरी करण्यास त्याच्या दुपटी-तिपटीने वेळ लागत असे.

ती जुनी पाटी आमच्या आधीच्या अभिरक्षकांनी लिहिली होती. ते गृहस्थ विद्वान होते, काटेकोर होते, आणि एकही शब्द आधाराशिवाय लिहावयाचा नाही हे त्यांचे व्रत होते. पाटीवरील मजकूर असा होता :

'वीरगळ. कृष्णवर्णी अग्निजन्य पाषाण. यादवकाल, इ. स. सुमारे १२वे-१३वे शतक. वीरगळ ही संज्ञा कन्नड "वीरगल्लु" या शब्दाशी निगडित असून युद्धात अथवा गोधनाच्या रक्षणार्थ धारातीर्थी पतन पावलेल्या योद्ध्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळेस ती लावली जाते. प्रस्तुत शिळेवर चार शिल्पपट्ट कोरलेले असून सर्वांत खालच्या पट्टात मृत वीर, दुसऱ्यात युद्धप्रसंग, तिसऱ्यात अप्सरांकडून वीराचे स्वर्गारोहण व सर्वांत वरच्या पट्टात वीराने केलेले शिवलिंगपूजन दर्शविले आहे. शीर्षभागी कलश व त्याच्या दोन्ही बाजूंस चंद्र व सूर्य असून ते वीराच्या कीर्तीचे चिरंतनत्व सूचित करतात. शिळेवर लेख नाही. अशा शिळा महाराष्ट्र व कर्नाटकात विपुल आढळतात.'

या मजकुरात चूक अशी एकही नाही. किंबहुना, ज्याला वीरगळ हा प्रकार ठाऊक नाही, त्याला तो थोडक्यात समजावून देण्यास याहून बरा परिच्छेद लिहिणे मलाही साधले नसते. परंतु तो लिहिला गेला आहे तो मेजापाशी बसून वाचणाऱ्यासाठी. आणि पाटी वाचणारा माणूस उभा असतो, त्याच्या कडेवर मूल असते, मागून येणाऱ्याचा कोपर त्याच्या पाठीस लागत असतो, आणि मुख्य म्हणजे ज्या वस्तूविषयी तो वाचत असतो ती वस्तू त्याच्या समोर उभी असते. ही शेवटची गोष्ट पुस्तकाच्या वाचकास कधीच लाभत नाही, आणि पाटी लिहिणाऱ्यास मात्र तिचाच नेमका विसर पडतो.

दालनाचे पहारेकरी, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणत असू, त्यांना मी एकदा विचारले, 'मामा, या शिळेपाशी लोक काय विचारतात हो?'

'तीनच गोष्टी विचारतात, साहेब,' ते म्हणाले. 'हा कोणता देव, किती जुना, आणि यातला मुख्य माणूस कोण. बाकी कोणी काही विचारत नाही.'

'आणि पाटी वाचून नाही कळत?'

'पाटी वाचायला सुरुवात करतात. मधेच सोडून मला विचारतात.'

'हा कोणता देव' हा प्रश्न मला सुरुवातीस अज्ञानाचा वाटला. मग मी शिळेपुढे प्रेक्षकाच्या जागी जाऊन उभा राहिलो, आणि त्यात अज्ञान नसून नजरेचा अगदी स्वाभाविक क्रम आहे, हे माझ्या ध्यानात आले. आपण कोणतीही लिहिलेली वा कोरलेली गोष्ट वरून खाली पाहतो. पुस्तक तसे वाचतो, देवळाचा दर्शनी भाग तसा पाहतो, माणसाकडेसुद्धा आधी तोंडाकडे पाहतो. त्या क्रमाने वीरगळ पाहिला की पहिल्याने दिसतो कलश, त्याच्या खाली शिवलिंग, लिंगापुढे हात जोडलेला एक पुरुष आणि पलीकडे घंटा वाजविणारा पुजारी. म्हणजे हा शंकराच्या देवळातला दगड, असा निकाल तेथेच लागतो, हात जोडले जातात, आणि खालच्या तीन पट्टांतली लढाई, गाई, अप्सरा हे सारे देवळाच्या भिंतीवर असतेच तशा नक्षीत जमा होते. वीरगळ मात्र खालून वर वाचावयाचा असतो. घडलेली हकीकत तळाशी सुरू होते आणि मृत्यूनंतर वीर जसजसा वर चढत जातो तसतशी शिळेवरची कथाही वर चढते. आमच्या शिळेवर तळाच्या पट्टात आडवा पडलेला वीर आहे आणि त्याच्या मागे गाईंची डोकी एका ओळीत डोकावतात. त्याच्यावरच्या पट्टात तोच वीर ढाल-तलवार घेऊन दोघांशी झुंजत आहे, त्यांपैकी एकाच्या हाती धनुष्य आहे. तिसऱ्यात दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत आणि त्याचे हात त्यांच्या खांद्यांवर विसावले आहेत. आणि मग ते शिवलिंग. जुन्या पाटीत हा क्रम दिलेला होता, नाही असे नाही; परंतु तो पाटीच्या मध्यावर, व्युत्पत्तीच्या आणि पाषाणाच्या वर्णनापलीकडे दडलेला होता, आणि तेथवर पोचण्याआधीच वाचणाऱ्याची नजर कलशावर जाऊन आपला निर्णय देऊन मोकळी झालेली असे.

मजकूर लहान करण्याची जी सरळ रीत आपणा सर्वांस ठाऊक असते, ती म्हणजे संक्षेप. पहिला मसुदा मी त्याच रीतीने केला. 'प्रस्तुत', 'दर्शविले आहे', 'असून', 'आढळतात' ही कचेरीत वाढलेली मंडळी प्रथम रजेवर पाठविली, आणि त्यांच्या जाण्याने कोणाचे काही अडले नाही. व्युत्पत्ती काढली, कारण मामांच्या तीन प्रश्नांत ती नव्हती. पाषाणाचा प्रकार काढला, कारण दालनातील झाडून साऱ्या शिळा त्याच पाषाणाच्या होत्या आणि काळा रंग कोणालाही दिसतो. उरले ते असे : 'वीरगळ, यादवकाल. युद्धात अथवा गोरक्षणार्थ मरण पावलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. चार पट्टांत मृत्यू, युद्ध, स्वर्गारोहण व शिवपूजन.' हा मजकूर आम्ही साध्या कागदावर टंकून जुन्या पाटीवर चिकटविला आणि काही दिवस काय होते ते पाहिले. लोक तो पुरा वाचत, हा लाभ खरा. परंतु वाचून मान डोलावीत आणि पुढे जात. पाटीवरून उठलेली नजर शिळेकडे न जाता पुढील पाटीकडे जाई. कारण व्याख्या मिळाली की माणसाचे समाधान होते, आणि समाधान झालेला माणूस पाहत नाही. ज्या पाटीने दगड पाहण्याची गरजच उरू दिली नाही, ती पाटी कितीही आटोपशीर असली तरी दगडासमोर लावण्याच्या लायकीची नव्हे, असे माझे मत तेव्हा बनले आणि ते आजही कायम आहे.

येथे थोडे आडवळण घेण्याची परवानगी असावी. अमेरिकेत बॉस्टन येथील ललितकला संग्रहालयाचे चिटणीस बेंजामिन आइव्हज गिल्मन यांनी १९१६ साली संग्रहालयातील थकव्याविषयी एक लेख प्रसिद्ध केला. त्यांनी एका सुदृढ डोळ्यांच्या बुद्धिमान माणसास काही साधे प्रश्न दिले, ज्यांची उत्तरे वस्तू व पाट्या नीट पाहिल्याशिवाय मिळणार नाहीत, आणि ती शोधताना त्याला जे वाकावे, उकिडवे बसावे, मान तिरपी करावी लागली, त्याची छायाचित्रे घेतली. त्या छायाचित्रांतला मनुष्य मला आमच्या दालनात रोज भेटे. जुन्या पाटीत एवढा मजकूर बसविण्यासाठी अक्षर बारीक ठेवणे भाग पडले होते, आणि ती शिळेच्या चौथऱ्याच्या दर्शनी भागावर, गुडघ्याच्या उंचीवर ठोकलेली होती. त्यामुळे ती वाचावयाची तर कमरेत वाकावे लागे, आणि वाकले की छतावरील दिव्यामुळे वाचणाऱ्याचीच सावली पाटीवर पडे. तीन ओळींच्या दंडकाचा जो लाभ समितीच्या ध्यानीमनी नव्हता तो हा, की त्याच आकाराच्या पाटीवर अक्षर दुपटीहून मोठे करता आले. देवनागरी अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. ओळींतले अंतर कमी पडले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत गुंततो आणि दुरून सारेच धूसर दिसू लागते. आम्ही अंतर मोकळे ठेवले, चकाकणारे प्लॅस्टिक टाळून मंद पृष्ठाची पाटी केली, आणि ती कठड्यालगत कमरेच्या उंचीवर तिरपी बसविली. तिच्यावरून नजर सरळ पुढे टाकली की ती शिळेच्या तळाच्या पट्टावरच पडते. या योजनेचे महत्त्व पुढे कळेल.

दुसरा मसुदा करताना आमच्या सहायक अभिरक्षक बाईंनी, ज्या नुकत्याच विद्यापीठातून शिकून आल्या होत्या, प्रश्नाने सुरुवात करावी असे सुचविले : 'हा वीर कोण होता?' अशा प्रश्नार्थक पाट्यांची सध्या चलती आहे, आणि मुलांसाठी मांडलेल्या विज्ञानाच्या दालनात, जेथे कळ दाबली की उत्तर मिळते, तेथे त्या शोभूनही दिसतात. येथे मात्र त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशीच नव्हते. शिळेवर लेख नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर तो नसतोच. तरी तो लावून पाहिला, तेव्हा लोक प्रश्न वाचून उत्तर शोधीत, ते सापडत नसे, आणि मामांकडे येऊन जरा त्रासिक स्वरात तोच प्रश्न त्यांना करीत. ज्याचे उत्तर देता येत नाही असा प्रश्न पाटीने विचारू नये. तेवढ्या जागेत उत्तर नसल्याचे सांगून टाकावे.

याच मसुद्यात आमची खरी लढाई गाईंवरून झाली. बाईंनी लिहिले होते, 'गाईंच्या रक्षणासाठी प्राण वेचलेला वीर'. वाक्य सुरेख होते आणि वाचणाऱ्याच्या मनास भिडणारे होते.

मी म्हटले, 'हे आपण कशावरून म्हणतो?'

'सर, तळाच्या पट्टात गाई आहेत. गाई असल्या की गोग्रहणाचा प्रसंग समजतात.'

'गोग्रहणाचा समजतात हे खरे. पण गुरे वळवून नेणारे एक आणि ती सोडवून आणणारे दुसरे. आपला गडी त्यांतला कोणता?'

त्या हसल्या. 'सोडविणाराच असणार. पळविणाऱ्याची शिळा गाव कशाला उभारील?'

'ज्या गावात पळवून आणली, ते गाव उभारील.'

हा वाद मी पुरता जिंकलो असे नव्हे. अशा शिळा बहुधा गोधन राखताना पडलेल्यांच्याच असतात, असे मानण्यास भरपूर आधार आहे. १९८२ साली सेट्टर आणि सोंथायमर यांनी संपादित केलेल्या स्मारकशिळांवरील मोठ्या ग्रंथात गाईगुरांसाठी झालेल्या झुंजींचा विषय वारंवार येतो. परंतु 'बहुधा' म्हणणे वेगळे आणि नाव-गाव ठाऊक नसलेल्या एका विशिष्ट माणसाविषयी ठाम विधान करणे वेगळे. परिच्छेदात 'बहुधा', 'असावा', 'असे अभ्यासक मानतात' या शब्दांना बसावयास जागा असते, आणि त्यांच्या आश्रयाने लेखकास सत्याशी इमान राखता येते. तीन ओळींत ही जागा राहत नाही. मजकूर कमी करताना जे शब्द सर्वप्रथम निरुपयोगी म्हणून काढले जातात ते हेच संशयाचे शब्द होत, आणि ते गेले की उरलेले वाक्य पूर्वीपेक्षा केवळ लहान न होता खोटे होऊन बसते. वर पाटीवरचे असल्यामुळे शिक्का मारलेल्या दस्तऐवजासारखे खरेही मानले जाते. या पेचातून मला जी वाट सापडली ती फार साधी होती. जे दिसते ते लिहावे. त्याचा जो अर्थ लावला जातो तो वगळावा. पडलेला वीर दिसतो. गाई दिसतात. त्यांच्यात 'साठी' हा शब्दयोगी अव्यय घालण्याचे काम पाहणाऱ्याकडे सोपवावे. दिसणाऱ्या गोष्टीला 'बहुधा' लागत नाही, म्हणून ती कमी जागेत खरी राहू शकते.

एकदा हे सूत्र हाती आल्यावर मजकुराची मांडणी बदलली. पाटीने सांगावयाचे काय, या प्रश्नाऐवजी पाटीने डोळ्यास कोठे न्यावयाचे, हा प्रश्न आला. आणि मग पहिला शब्द कोणता असावा याविषयी शंकाच उरली नाही. काही अदलाबदल होऊन जो मजकूर कायम झाला तो असा :

तळापासून वर पाहा : पडलेला वीर आणि गाई, मग लढाई,
त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, शेवटी शिवलिंगाची पूजा.
वीरगळ : रणात पडलेल्याचे स्मारक, सुमारे ८०० वर्षे जुने, नाव अज्ञात.

मामांच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे यात आहेत, परंतु ती शेवटच्या ओळीत आहेत. व्याख्या आधी दिली असती तर पुन्हा मान डोलावून लोक पुढे गेले असते; आता शिळा पाहून झाल्यावर, हे पाहिले ते काय, असा जो प्रश्न मनात उभा राहतो, त्याला ती व्याख्या भेटते. ओळी कोठे तोडावयाच्या यालाही महत्त्व आले. छापणाऱ्याने पहिल्या खेपेस जागेच्या सोयीने 'मग' एका ओळीत आणि 'लढाई' दुसऱ्या ओळीत असे केले होते, ते आम्ही परत पाठविले. स्वीडनमधील लेखिका मार्गारेटा एकार्व्ह यांनी स्टॉकहोमच्या टपाल संग्रहालयासाठी मजकूर लिहिताना, ओळ बोलण्यातील स्वाभाविक विरामापाशीच संपावी आणि ती सुमारे पंचेचाळीस अक्षरांहून लांब नसावी, असा नियम पाळला होता. अक्षरे मोजण्याची त्यांची रीत आमच्या जोडाक्षरांना जशीच्या तशी लागू होत नाही, आणि आमची तिसरी ओळ तर उघडच लांबली आहे. पण विरामाचा नियम कोणत्याही भाषेत खरा आहे. उभ्याने वाचणारा माणूस ओळीच्या टोकाशी नजर उचलतो. तेथे अर्थ पुरा झालेला असेल तर ती नजर शिळेवर जाते, अर्धवट असेल तर पुढच्या ओळीवर.

'१२वे-१३वे शतक' काढून 'सुमारे ८०० वर्षे' घालण्यास मात्र निवृत्त अभिरक्षकांनी तीव्र हरकत घेतली. मसुदा मी त्यांच्या घरी नेऊन दाखविला होता. चष्मा वर करून त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, 'अहो, तुम्ही तर या शिळेचे वंशपरंपरागत इनाम खालसा केलेत! आणि ही तुमची आठशे वर्षे. पाटी पन्नास वर्षे टिकली, तर काय करणार?'

मी म्हटले, 'साहेब, शिळेच्या घडणीवरून केलेल्या या कालनिश्चयात दोनशे वर्षांचा पदर आपणच ठेवला आहे. पन्नास वर्षे त्यात सहज मावतील.'

'मावतील. पण शतक हे शतक असते.'

त्यांचे म्हणणे अगदीच अवास्तव नव्हते. शतकाचा उल्लेख अभ्यासकाला उपयोगी असतो. पण शतकातून वर्षांची वजाबाकी करण्याचे काम दहा सेकंद उभ्या राहणाऱ्याने करावे ही अपेक्षा मला जाचक वाटली. अखेर पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, कचेरीच्या उपयोगासाठी म्हणून जो नोंदणी क्रमांक बारीक अक्षरात द्यावाच लागतो, त्याच्यापुढे शतक घालावे, अशी तडजोड झाली. तीन ओळींचा दंडक वाचनाच्या मजकुरापुरता आहे, असा त्याचा अर्थ आम्ही लावला. समितीने तो मान्य केला की तिच्या तो ध्यानातच आला नाही, याचा खुलासा दप्तरात नाही.

चंद्र-सूर्य गेले, याचे वाईट मलाही वाटले. कलशाच्या दोन्ही बाजूंस कोरलेली ती दोन लहान चिन्हे वीरगळाचा खरा मुद्दा सांगतात : आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर या माणसाचे नाव राहील, आणि प्रत्यक्षात नाव तेवढे राहिले नाही. परंतु ही गोष्ट ज्याला खालचे चार पट्ट उमगले आहेत त्यालाच उमगावयाची. ती चौथी ओळ आहे, आणि चौथ्या ओळीला परवानगी नव्हती. मग काढलेल्या मजकुराची रवानगी निरनिराळ्या ठिकाणी झाली. व्युत्पत्ती आणि पाषाण नोंदवहीत होतेच. वीरगळ हा प्रकार कोठे कोठे आढळतो, हाताचे व बांगड्यांचे चिन्ह असलेली सतीशिळा त्याहून वेगळी कशी ओळखावी, मुंबईनजीक बोरिवलीच्या एकसर गावी असलेल्या मोठ्या वीरगळांवर जहाजांची लढाई कशी कोरली आहे, हे सारे दालनाच्या मध्यावर, लोक जेथे बाकावर टेकतात, तेथील मोठ्या फलकावर आम्ही घातले. कारण बसलेला माणूस परिच्छेद वाचतो. आणि चंद्र-सूर्य आम्ही मामांच्या स्वाधीन केले. लहान मुले शेवटी बोट वर करून 'ते काय?' असे विचारतातच, आणि मग मामा ज्या ऐटीत त्याचे उत्तर देतात, तशी ऐट कोणत्याही पाटीला साधणार नाही.

पाटी कामास आली की नाही, हे तपासण्याची खूण मी बोटावरून ठरविली होती. पूर्वी बोट दाखवले जाई ते शिवलिंगाकडे, आणि तेही हात जोडण्याच्या आधी. नव्या पाटीनंतर लोक वाकून तळाकडे पाहू लागले, आणि बरोबरच्या माणसास बोटाने खालून वर एकेक पट्ट दाखवू लागले. यातून एक नवीनच अडचण उत्पन्न झाली. बोट हवेत न राहता दगडावर टेकू लागले. कठडा शिळेच्या इतका जवळ होता की हात सहज पोचे, आणि हाताच्या तेलकटपणाने तळाच्या पट्टातील गाईंच्या डोक्यांवर थोड्याच काळात चकाकी दिसू लागली. शेवटी कठडा दोन हात मागे घ्यावा लागला, आणि त्याबरोबर पाटीही. मग त्या अंतरावरून वाचता यावे म्हणून अक्षराची जाडी पुन्हा एकदा वाढवावी लागली. काही मंडळी अजूनही शिळेपुढे हात जोडतात, क्वचित कोणी चौथऱ्यावर नाणेही ठेवते. त्यात दुरुस्ती करण्याचे मला कारण दिसले नाही. आपल्याकडे गावोगावी वीराला देव मानून त्याला शेंदूर लावला जातो. पाटी वाचून झाल्यावर जोडलेले हात हे न वाचता जोडलेल्या हातांहून निराळे असावेत, असे मी मानतो.

इंग्रजी पाटीबद्दल थोडक्यात एवढेच, की ती मराठी पाटीचे भाषांतर नाही. ती बाईंनी स्वतंत्र लिहिली आणि ती तीनच ओळींत बसली. जुना परिच्छेद मात्र संग्रहालयाच्या दप्तरात जसाच्या तसा जपून ठेवला आहे, आणि समासात आमच्या निवृत्त अभिरक्षकांच्या हस्ताक्षरात शेरा आहे : 'पाहिले. शतक राहिले, ठीक.'

वाचकांस मात्र एक विनंती आहे. आपल्या गावच्या देवळाबाहेर, वेशीपाशी किंवा पिंपळाच्या पारावर असे दगड पुष्कळदा कलंडलेले असतात, आणि त्यांच्यापुढे पाटी नसते. ते तळापासून वर पाहावेत. आणि एखाद्यावर अक्षरे दिसलीच, तर ती उठून दिसावीत म्हणून त्यांवर पीठ वा खडू घासू नये, दगड हलवू नये, तिरप्या उन्हात त्याचे छायाचित्र घ्यावे आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयास किंवा जवळच्या वस्तुसंग्रहालयास कळवावे. ज्या थोड्या शिळांवर लेख आहे, त्यांतल्याच एखादीवर वीराचे नाव मिळण्याची शक्यता असते.